सेकंड हँड गाडीच्या डीलरला पाच स्टार द्यायचे ते चावी हातात आल्यावर नाही, आरसी नावावर झाल्यावर

गाडीला झेंडूचा हार, समोर फोडलेला नारळ, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी आणि खाली पाच स्टार. "बेस्ट सर्व्हिस, दादांनी खूप सहकार्य केलं." सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठल्याही गावातल्या जुन्या गाड्यांच्या डीलरचं पेज उघडलं की असे रिव्ह्यू रांगेनं दिसतात.

हे रिव्ह्यू खोटे असतातच असं नाही. अडचण वेगळी आहे. ते लिहिलेले असतात गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी. त्या दिवशी गिऱ्हाइकाला डीलरबद्दल दोनच गोष्टी कळलेल्या असतात. एक म्हणजे माणूस बोलायला कसा आहे आणि दुसरी म्हणजे गाडीला पॉलिश कसं मारलंय.

डीलर खरंच कसा आहे हे कळायला साधारण दीड-दोन महिने जातात. तोवर आरसीवर नाव चढलेलं असतं किंवा रखडलेलं असतं. गाडी एकदा तरी मेकॅनिककडे जाऊन आलेली असते. "सगळं क्लिअर आहे दादा" या वाक्याचा अर्थही तोवर कळलेला असतो.

म्हणून डीलरला जोखायचं असेल तर तीन प्रश्न पुरतात. गाडीच्या अवस्थेबद्दल तो खरं बोलला का? कागद स्वच्छ होते का? आणि सौदा उरकण्यासाठी त्यानं घाई केली का? यातल्या प्रत्येकाचं उत्तर "वाटलं" यावर नाही, तर दाखवता येईल अशा गोष्टीवर देता येतं. कसं, तेच सविस्तर बघू.

पहिला प्रश्न पुराचा

सातारा-सांगलीत गाडीच्या अवस्थेबद्दल बोलायचं तर सुरुवात कृष्णेच्या पुरापासून करावी लागते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. शहरातल्या वस्त्या, बाजारपेठा आणि पार्किंग कित्येक दिवस पाण्यात होतं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, सांगलीत पुन्हा पाणी शिरलं. त्याच आठवड्यात चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की पाटण आणि पुढे कराड.

पाण्यात बुडालेल्या गाडीचं पुढे काय होतं? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर विमा कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात आणि बुडालेली गाडी आहे त्या स्थितीत विकली जाते. घेणारा ती धुतो, वाळवतो, दुरुस्त करतो आणि पुन्हा बाजारात आणतो. अशी गाडी विकणं हा गुन्हा नाही. पुरातली गाडी आहे हे न सांगता चांगल्या गाडीच्या भावात विकणं ही फसवणूक.

पुराची गाडी लगेच बंद पडली असती तर प्रश्नच नव्हता. ती सुरुवातीला चांगली चालते. पण गढूळ पाणी वायरिंगच्या जोडांमध्ये शिरलेलं असतं आणि तिथं गंज हळूहळू धरतो. काही महिन्यांनी एखादी काच वर होत नाही, मग मीटरवर दिवे लागतात, मग गाडी सुरू होता होता राहते. एअरबॅगला हुकूम देणारा डबा बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटच्या मधल्या भागात, अगदी खाली बसवलेला असतो. म्हणजे गाडीत पाणी आलं की आधी भिजणाऱ्या वस्तूंत तो असतो. अशी एअरबॅग अपघातात उघडेल की नाही, हे बाहेरून बघून कुणीच सांगू शकत नाही.

खुणा मात्र राहतात. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. रोज वापरात न येणाऱ्या शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातकट रेष राहिलेली असते, कारण तिथं पॉलिशवाल्याचा हात जात नाही. सीट मागे-पुढे सरकते ते रूळ बॅटरीच्या उजेडात बघायचे. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून त्या खड्ड्याच्या कोपऱ्यात गंज किंवा वाळलेला गाळ आहे का ते बघायचं. आणि २०१८ च्या गाडीत कार्पेट, सीट कव्हर, छताचं कापड असं सगळंच कोरं असेल, तर "गाडी किती जपली आहे" असं म्हणण्याआधी "हे सगळं एकदम का बदललं?" असं विचारायचं.

पण ही झाली गाडीची परीक्षा. डीलरची परीक्षा एका प्रश्नात होते: "ही गाडी पुरात होती का, आणि 'पुरातील नाही' असं बिलावर लिहून द्याल का?"

याला तीन प्रकारची उत्तरं मिळतात. एक डीलर सांगतो, "होती, म्हणून तर एवढा कमी भाव आहे." दुसरा सांगतो, "मला माहीत नाही, तुमचा मेकॅनिक आणून बघा." तिसरा तोंडानं छातीठोकपणे "नाही" म्हणतो आणि लिहून द्यायची वेळ आली की "आमच्याकडं तशी पद्धत नाही" म्हणतो. पहिले दोघं प्रामाणिक आहेत. तिसऱ्याची गाडी कदाचित चांगलीही असेल, पण त्याच्या शब्दामागं तो स्वतःच उभा राहायला तयार नाही. रिव्ह्यूमध्ये लिहायची गोष्ट ती हीच.

मीटर खोटं निघालं तर डीलर खोटा का?

किलोमीटरचं मीटर मागं फिरवणं हा या धंद्यातला जुना रोग. मीटर डिजिटल झाल्यावर तो थांबला नाही, फक्त पाना जाऊन लॅपटॉप आला.

पकडायची पद्धत साधी आहे. गाडी ज्या कंपनीची आहे तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला तिचा नंबर दिला की आधीच्या सर्व्हिसच्या तारखा आणि त्या वेळचे किलोमीटर त्यांच्या सिस्टिममध्ये दिसतात. अनोळखी माणसाला ते सहसा सांगत नाहीत, पण डीलर सोबत आला किंवा त्यानं मालकाशी बोलणं करून दिलं तर अडत नाही. गाडी बाहेरच्या गॅरेजला जात असेल तर नोंदी मिळत नाहीत. मग ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवरचं झिजलेलं कातडं आणि ड्रायव्हरच्या सीटचा दबलेला कडा बघायचा. ४० हजार किलोमीटरच्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं.

आता मुद्दा न्यायाचा. मीटर डीलरनंच फिरवलं असेल असं नाही. आधीच्या मालकानं फिरवून डीलरलाही गंडवलेलं असू शकतं. त्यामुळे "डीलरनं मीटर मागं केलं" असं लिहिणं हा न सिद्ध करता येणारा आरोप होतो. "मीटरवर ६४,०००, पण एप्रिल २०२१ च्या सर्व्हिस नोंदीत ७१,०००" ही मात्र दाखवता येणारी गोष्ट आहे. हे दाखवल्यावर डीलरनं काय केलं, ते त्याच्यापुढं लिहायचं. तो नोंद बघायला आला, भाव बदलला, गाडी लॉटवरून काढली, की "ते सोडा हो, इंजिन बघा" म्हणाला? डीलरचा प्रामाणिकपणा चूक सापडल्यानंतरच्या दहा मिनिटांत दिसतो.

कागदावर डीलरचं नाव आहे का?

जुन्या गाडीच्या व्यवहारात बरेच डीलर एक गंमत करतात. गाडी त्यांच्या लॉटवर असते, भाव ते ठरवतात, पैसे ते घेतात. पण करारनामा लिहिला जातो जुना मालक आणि नवा मालक यांच्यात. डीलरचं नाव फार तर साक्षीदार म्हणून असतं, नाहीतर नसतंच. उद्या वाद झाला की डीलर म्हणतो, "आम्ही फक्त मध्यस्थ." आणि जुना मालक मुंबईला किंवा हुबळीला.

म्हणून कागदांबद्दलचा पहिला सवाल हा: पैसे ज्याला दिले त्याच्या नावाची, सहीशिक्क्याची पावती किंवा बिल आहे का? नसेल तर बाकीचे कागद कितीही जाड असले तरी डीलर त्या व्यवहारात कागदोपत्री नाही.

यावर केंद्र सरकारनं एक उपाय केलेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. जुन्या गाड्यांच्या डीलरनं परिवहन खात्याकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यायचं, ते फॉर्म २९बी मध्ये मिळतं. मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन सूचना फॉर्म २९सी मधून द्यायची. ही सूचना गेली की गाडीची जबाबदारी त्या डीलरवर येते, तो मालक मानला जातो. गाडी विकली जाईपर्यंत ती कोण, कुठे, कशासाठी फिरवतंय याची नोंदही त्यानं ठेवायची. "तुमचं २९बी दाखवता का?" हा प्रश्न पाच सेकंदांचा आहे आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच आहे.

त्यानंतर येतात ते फॉर्म २९ आणि ३०. बाजारात यांनाच टीटी फॉर्म म्हणतात. एक मालकी बदलल्याची सूचना, दुसरा आरसीवर नाव चढवायचा अर्ज. कायद्यानुसार, गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. प्रत्यक्षात अनेक लॉटवर जुन्या मालकाच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. गाडी दोन-तीन हात फिरते आणि शेवटच्या गिऱ्हाइकाचं नाव त्या कोऱ्या जागेत भरलं जातं. मधले हात कुठल्याच कागदावर येत नाहीत.

याचा फटका फक्त घेणाऱ्याला बसतो असं नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. गाडी विकलेली होती आणि पुढं एकामागोमाग एक हात बदलत गेलेली होती. मात्र आरसीवर नाव पहिल्या मालकाचंच राहिलं होतं. मग अपघात झाला. कोर्टानं सांगितलं की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला माणूस मोकळा झालेलाच नव्हता.

त्यामुळे डीलरला गाडी विकणाऱ्यानं लिहिलेला रिव्ह्यू घेणाऱ्याच्या रिव्ह्यूइतकाच मोलाचा असतो. "मार्चमध्ये गाडी दिली, जूनमध्येही आरसीवर माझंच नाव, चलन माझ्या मोबाइलवर येतंय" या एका ओळीत त्या डीलरच्या कागदांची अख्खी कुंडली कळते.

बँकेचा बोजा हा आणखी एक नेहमीचा घोळ. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचं नाव असतं. कर्ज फिटलं तरी ते आपोआप जात नाही, त्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओला द्यावा लागतो. mParivahan अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कर्जाची नोंद अशी माहिती दिसते. गाडी कितव्या मालकाकडे आहे हे आरसीवर छापलेलं असतं. थकलेली चलनं mahatrafficechallan.gov.in वर कळतात. डीलरनं तोंडी सांगितलेलं आणि स्क्रीनवर दिसलेलं जुळतं का, ही तपासणी चहा येईपर्यंत होते.

विम्याबद्दलही एक गैरसमज डीलर लोक सहसा दूर करत नाहीत. "विमा चालू आहे, ५० टक्के नो क्लेम बोनस पण आहे" असं सांगितलं जातं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो जुन्या मालकाबरोबर जातो. पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो केला नाही आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. हे ज्या डीलरनं आपणहून सांगितलं, त्याला त्याचं श्रेय रिव्ह्यूमध्ये द्यायला हवं.

"कोल्हापूरचं गिऱ्हाईक निघालंय"

आता तिसरा प्रश्न, घाईचा. प्रत्येक विक्रेत्याला सौदा लवकर व्हावा असं वाटतं, त्यात गैर काही नाही. दबाव सुरू होतो तो गिऱ्हाइकाची तपासणी टाळण्यासाठी घाई केली जाते तेव्हा.

याची काही ठरलेली वाक्यं आहेत. कोल्हापूरचं गिऱ्हाईक निघालंय, संध्याकाळपर्यंत गाडी जाईल. हा भाव फक्त आजच्यापुरता. सध्या ११ हजार टोकन टाका, नाही आवडली तर बघू. जुनी गाडी एक्सचेंजला द्यायची असेल तर तिची चावी आणि आरसी "व्हॅल्युएशनसाठी" आत जाते आणि तासभर बाहेर येत नाही. गिऱ्हाईक उठूच शकत नाही.

हे ओळखायचं कसं? दोन गोष्टी मागायच्या. एक रात्र आणि स्वतःचा मेकॅनिक. "उद्या सकाळी मेकॅनिक घेऊन येतो, मग टोकन देतो" एवढंच म्हणायचं. यावर "या की, नऊनंतर कधीही" असं म्हणणारा डीलर आणि "मग गाडी राहील याची गॅरंटी नाही" असं म्हणणारा डीलर यांत जो फरक आहे, तोच मोजायचा आहे.

टोकनचंही तसंच. टोकन देण्यात चूक नाही, कोऱ्या पावतीवर देण्यात आहे. "मेकॅनिकच्या तपासणीत दोष निघाल्यास किंवा कागद अपुरे असल्यास पूर्ण रक्कम परत" ही ओळ पावतीवर लिहायला डीलर तयार झाला तर ते टोकन. नाही झाला तर तो गळ.

एक उदाहरण, दोन डीलर

हे तीन प्रश्न एकत्र कसे काम करतात ते बघण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा तासगावचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. बेदाणा विकून पैसे हातात आलेत आणि घरासाठी २०१८ ची डिझेल स्विफ्ट बघायची आहे.

पहिला डीलर साताऱ्याचा. गाडी पांढरीशुभ्र, मीटर ६४,०००, मागणी ५ लाख ६० हजार. "सिंगल हँड, कंपनी मेंटेन, एक पण ठोक नाही." दादा आरसी मागतात, तर मालक दुसरा, पासिंग एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर. mParivahan वर बँकेचा बोजा अजून दिसतोय. सीटबेल्टच्या टोकाला मातकट रेष आहे. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत एप्रिल २०२१ ला ७१,००० किलोमीटर आहेत आणि त्यानंतर एकही नोंद नाही. जुलै २०२१ चा पूर त्यानंतर तीनच महिन्यांनी आलेला.

इथं हे लक्षात घ्यायचं की कोल्हापूर पासिंग हा काही पुरावा नाही. बेल्टवरची रेष एकटी असती तर तोही पक्का पुरावा नसता. पण तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतायत. दादा डीलरला विचारतात. तो म्हणतो, "मला पण असंच सांगितलं होतं हो. चला, चार नव्वदला घ्या, पण ५१ हजार आत्ता टाकावे लागतील." लिहून द्या म्हटल्यावर विषय बदलतो. दादा उठतात.

दुसरा डीलर सांगलीचा. त्याच सालची गाडी, मीटर ८८,०००, मागणी ५ लाख २५ हजार. दिसायला पहिल्या गाडीपेक्षा डावी. पण डीलर आधीच सांगतो, "उजवा मागचा दरवाजा रंगवलेला आहे, क्लच वर्षभरात करावा लागेल, दोन टायर संपलेत." दुसऱ्या दिवशी तासगावचा मेकॅनिक येतो, तो हेच सांगतो, वर एका सस्पेन्शन बुशची भर घालतो. सौदा ५ लाख १० हजारांना ठरतो. डीलरच्या नावाचं बिल, त्यावर हे दोष लिहिलेले आणि "पुरातील नाही" ही ओळही. २० हजार रुपये आरसी नावावर झाल्यावर द्यायचे असं ठरतं आणि तेही बिलावर येतं. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही, दुपारी ४.१५. कारण त्या दिवशी सकाळी सिग्नल तोडला असेल तर तो कुणी तोडला, हे वेळेशिवाय ठरत नाही.

आरसी ४० दिवसांनी येते. ३० व्या दिवशी येईल असं डीलर म्हणाला होता, दहा दिवस उशीर झाला. क्लच सातव्या महिन्यात बदलावा लागतो, म्हणजे सांगितल्याप्रमाणेच.

चावी मिळाल्याच्या दिवशी रिव्ह्यू लिहिला असता तर पहिल्या डीलरच्या चकाचक गाडीला पाच स्टार आणि दुसऱ्याच्या रंगवलेल्या दरवाजाला तीन मिळाले असते. तीन प्रश्नांनी जोखलं तर निकाल उलटा लागतो.

मग रिव्ह्यू लिहायचा कसा?

दादांचा साताऱ्याच्या डीलरबद्दलचा रिव्ह्यू दोन प्रकारे लिहिता येतो.

एक असा: "एक नंबरचे चोर. पुराच्या गाड्या विकतात, मीटर फिरवतात. कुणी जाऊ नका." राग खरा आहे, पण वाचणाऱ्याला यातून काहीच तपासता येत नाही. शिवाय हे डीलरनं केलंय असं सिद्ध करता येणार नाही. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, त्यामुळे उलट दादांनाच वकिलाची नोटीस यायची.

दुसरा असा: "अमुक तारखेला २०१८ ची स्विफ्ट बघितली. सिंगल ओनर सांगितलं, आरसीवर दुसरा मालक. मीटर ६४,०००, सर्व्हिस नोंदीत २०२१ ला ७१,०००. सीटबेल्टवर मातीची रेष होती. पुरातील नाही असं लिहून मागितलं, दिलं नाही. त्याच दिवशी ५१ हजार टोकनचा आग्रह. गाडी घेतली नाही." यात एकही शिवी नाही, एकही अंदाज नाही. बघितलं ते, मागितलं ते आणि मिळालं ते, एवढंच. वाचणारा काय ते समजतो. गाडीचा पूर्ण नंबर, जुन्या मालकाचं नाव, सेल्समनचा मोबाइल यात टाकायचा नाही, त्यांचा यात दोष असेलच असं नाही.

आणि हो, गाडी घेतली नाही म्हणून रिव्ह्यू लिहायचा हक्क जात नाही. फक्त "घेतली नाही" हे लिहायचं.

सांगलीच्या डीलरबद्दलही असंच नेमकं लिहायचं. आरसीला दहा दिवस उशीर झाला हे त्यात यायलाच हवं. निव्वळ कौतुकाच्या रिव्ह्यूपेक्षा ज्यात एक खोट प्रामाणिकपणे सांगितली आहे असा रिव्ह्यू लोकांना जास्त पटतो, आणि चांगल्या डीलरला तोच जास्त उपयोगी पडतो.

नुकसान झालं असेल तर मात्र रिव्ह्यूवर थांबायचं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे साताऱ्याच्या डीलरविरुद्ध तासगावचा माणूस सांगलीत दाद मागू शकतो. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि गाडीसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तिथं मात्र स्टार चालत नाहीत, बिल चालतं. डीलरच्या नावाचं बिल घ्या, हा आग्रह त्यासाठीच.

दुसऱ्यांचे रिव्ह्यू वाचतानाही हेच उलटं वापरता येतं. डीलरचे शे-दोनशे रिव्ह्यू वाचत बसायची गरज नाही. रिव्ह्यूंच्या शोधपट्टीत आधी "RC" आणि मग "आरसी" टाकायचं. जे रिव्ह्यू वर येतील ते हार-नारळाच्या दिवसानंतर लिहिलेले असतात. त्यातले पाच-सहा नीट वाचले की डीलर कळतो. आणि एकाही रिव्ह्यूमध्ये तो शब्द सापडला नाही, तर लॉटवर गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा, ते तरी ठरतं.